दोन तापमानांवरून दांड्याची उष्णता वाहकता: अनंत लांबीच्या फिनची पद्धत, क्रमाने

एक टोक भट्टीत, बाकीचा दांडा बाहेर हवेत. पृष्ठभागावरून हवेला उष्णता देत जाणाऱ्या अशा दांड्याला फिन म्हणतात. त्याच्यावर दोन जागी तापमान मोजायचं आणि त्यावरून धातूची उष्णता वाहकता k काढायची. सूत्र दोन ओळींचं आहे, म्हणून प्रयोगही दोन ओळींचा असेल असं वाटतं. पण इथली चूक सहसा हास्यास्पद उत्तर देत नाही, आणि तीच अडचण आहे. पितळेचा दांडा असतो, उत्तर तांब्याचं येतं. किंवा ॲल्युमिनियमचं, किंवा साध्या पोलादाचं. आकडा ओळखीचा वाटला की माणूस वही मिटतो.

खाली १२ मिमी व्यासाच्या पितळी दांड्याचं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका मोजणी सुरू होण्याआधीच घडून गेलेल्या असतात.

## सुरुवातीआधी: दोन तापमानांतून नेमकं काय मिळतं

दांडा इतका लांब असेल की त्याचं मोकळं टोक खोलीच्या हवेइतकंच थंड राहतं, तर त्याच्या लांबीवर जादा तापमान घातांकी पद्धतीने उतरत जातं. जादा तापमान म्हणजे दांड्याच्या तापमानातून हवेचं तापमान वजा केल्यावर उरतं ते. त्याला θ म्हणू.

```
θ = T - T_hava
θ1/θ2 = e^(m·(x2 - x1))
m² = h·P/(k·A) = 4h/(k·D)      (गोल दांड्यासाठी)
```

x1 आणि x2 म्हणजे दोन बिंदूंची भट्टीच्या भिंतीपासूनची अंतरं, P म्हणजे परीघ, A म्हणजे काटछेदाचं क्षेत्रफळ, D म्हणजे व्यास. h हा पृष्ठभागावरून हवेकडे उष्णता जाण्याचा गुणांक.

आता तिसरी ओळ नीट बघा. दोन तापमानं आणि दोन बिंदूंमधलं अंतर यातून m मिळतो. m मधून मिळतं ते h आणि k यांचं गुणोत्तर. एकटा k मिळत नाही. h दुसरीकडून आणावाच लागतो, आणि h मध्ये १० टक्के चूक असेल तर k मध्येही नेमकी १० टक्के चूक येते. पाठ्यपुस्तकातल्या गणितात h दिलेला असतो, त्यामुळे ही गोष्ट डोळ्याआड होते. टेबलावर मात्र सगळ्यात जास्त वेळ h वरच खर्च करायला हवा.

एक सोय मात्र आहे. सूत्रात भट्टीचं तापमान कुठेही नाही, आणि भट्टीपासून पहिल्या बिंदूपर्यंतचं अंतरही नाही. फक्त दोन बिंदूंमधलं अंतर लागतं. दांडा भट्टीत किती आत गेला आहे, भिंतीशी तापमान किती आहे, याची चिंता करायचं कारण नाही.

## टप्पा १: अंदाजाने m काढा, मग दांडा कापा

k माहीत नाही म्हणून तर प्रयोग करायचा, मग m आधी कसा काढणार? अंदाजाने. धातू कोणत्या कुळातला आहे एवढं तरी माहीत असतंच. पितळेसाठी k सुमारे १०० धरू (सगळीकडे एकक वॅट प्रति मीटर-केल्विन) आणि स्थिर हवेतल्या काळ्या रंगाच्या दांड्यासाठी h सुमारे १५ (वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन).

```
m² = 4 × 15 / (100 × 0.012) = 50
m  ≈ 7 प्रति मीटर
```

या कच्च्या आकड्यावरून दोन गोष्टी ठरतात.

पहिली, दोन बिंदूंमधलं अंतर. बिंदू फार जवळ घेतले तर θ1 आणि θ2 जवळपास सारखे येतात, आणि अर्ध्या अंशाची चूकही उत्तर हलवते. फार लांब घेतले तर θ2 इतका लहान होतो की तोच विश्वासाचा राहत नाही. दोन्ही सेन्सरची चूक सारखीच आहे असं धरून हिशोब केला, तर k मधली चूक सर्वांत कमी येते ती θ1 हा θ2 च्या सुमारे तिप्पट असताना. दुप्पट ते पाचपट या पट्ट्यात फारसं बिघडत नाही. तिपटीसाठी अंतर म्हणजे 1.1/m, आपल्या दांड्यासाठी सुमारे १६० मिमी.

आकड्यांत सांगायचं तर, १६० मिमी अंतर ठेवून दोन्ही सेन्सरमध्ये अर्धा-अर्धा अंश अनिश्चितता असेल तर k मध्ये ५ टक्क्यांच्या आत अनिश्चितता येते. तेच सेन्सर ३० मिमीवर लावले तर ती १३ टक्क्यांच्या आसपास जाते.

दुसरी, लांबी. इथे एक हट्टी गैरसमज आहे. पुस्तकात mL २.६५ पेक्षा जास्त असेल तर फिन अनंत समजा, असं लिहिलेलं असतं, आणि लोक पूर्ण लांबी L घालून मोकळे होतात. तो निकष फिनमधून जाणाऱ्या एकूण उष्णतेसाठी आहे. आपण मोजतोय तापमान, तेही दांड्याच्या मध्यावर कुठेतरी. आपल्याला बघायचं आहे ते दुसऱ्या सेन्सरच्या पुढे उरलेल्या दांड्याकडे:

```
m × (L - x2) ≥ 2.3
```

हे पाळलं तर टोकाचा परिणाम θ2 वर एक टक्क्याच्या आत राहतो. आपल्या दांड्यासाठी दुसऱ्या सेन्सरपुढे निदान ३३० मिमी हवेत. पहिला सेन्सर भिंतीपासून १५० मिमीवर, दुसरा ३१० मिमीवर, म्हणजे किमान ६४० मिमी. आपण १ मीटर घेऊ. पितळेच्या दांड्यात हात आखडता घेऊन पुढे डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

सावध: ‘लांब’ हे धातू आणि जाडीवर ठरतं, डोळ्यांवर नाही. २५ मिमी जाडीचा तांब्याचा दांडा घेतला तर m सुमारे २.४ येतो. तो १ मीटर लांब असला आणि सेन्सर २०० व ५०० मिमीवर असले तर mL २.४ आहे, उरलेल्या भागासाठी तो १.२. टोकाशी उष्णता साचते, θ2 हवा त्यापेक्षा जास्त येतो, m कमी निघतो आणि k सुमारे २० टक्के जास्त. ३९० च्या तांब्याचं ४७० होतं, म्हणजे चांदीच्याही वर. उलट १२ मिमीच्या स्टेनलेस स्टीलला (k सुमारे १५) अर्धा मीटरही पुष्कळ.

प्लॅस्टिकच्या दांड्यासाठी ही पद्धत वापरूच नका. ॲक्रिलिकचा k ०.२ च्या आसपास. तिथे जादा तापमान ७ मिमीत तिसऱ्या हिश्श्यावर येतं, आणि दांड्याच्या गाभ्याचं तापमान पृष्ठभागाइतकंच आहे हे गृहीतकही टिकत नाही.

## टप्पा २: पृष्ठभाग तयार करा

दांडा पॉलिश पेपरने घासून तेलकटपणा काढा, मग सगळीकडे सारखा, पातळ, मॅट काळा रंग मारा. दुचाकीच्या सायलेन्सरसाठी मिळणारा उष्णता सहन करणारा काळा स्प्रे चालतो. साधा ऑइलपेंट भट्टीजवळ करपतो.

रंग का? चकचकीत पितळ प्रारणाने फार कमी उष्णता सोडतं, काळवंडलेलं पितळ बरीच जास्त. दांडा तापला की भट्टीजवळचा भाग काळवंडतो आणि दूरचा चकचकीत राहतो. म्हणजे एकाच दांड्यावर h दोन प्रकारचा. मॅट काळ्या रंगाची उत्सर्जकता ०.९५ च्या जवळ असते आणि ती सगळीकडे तशीच राहते. हा एक स्प्रे मारला की पुढचं निम्मं अनुमान टळतं.

## टप्पा ३: थर्मोकपल बसवा

पहिल्या बिंदूवर, दुसऱ्या बिंदूवर आणि शक्य असेल तर बरोबर मध्ये, अशा तीन जागी सव्वा ते दीड मिमी व्यासाचं भोक दांड्याच्या अक्षापर्यंत पाडा. मधला सेन्सर k काढण्यासाठी नाही, तपासणीसाठी आहे. तो टाळू नका.

पातळ तारेचं थर्मोकपल घ्या. जोड भोकाच्या तळाला टेकला पाहिजे. वर थोडी उष्णतावाहक पेस्ट भरा. मग तारेचे दोन-तीन वेढे त्याच जागी दांड्याभोवती घट्ट गुंडाळा आणि नंतरच तार बाहेर काढा. तार स्वतःही एक बारीक फिनच असते. वेढे दिले नाहीत तर ती जोडापासूनच उष्णता ओढून नेते आणि वाचन खाली येतं. ही घट प्रत्येक जोड किती नीट टेकला आहे त्यावर ठरते आणि दोन बिंदूंवर सारख्या प्रमाणात नसते, त्यामुळे ती गुणोत्तरात कटून जाईल असा भरवसा नाही.

भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने किंवा चांगल्या स्टील पट्टीने मोजा. १६० मिमीत १ मिमीची चूक म्हणजे k मध्ये सव्वा टक्का.

हाताची इन्फ्रारेड गन घेऊन चकचकीत दांड्यावर नेम धरणाऱ्यांना एवढंच सांगतो की ती गन बऱ्याच अंशी तुमच्याच चेहऱ्याचं आणि खोलीच्या भिंतीचं तापमान दाखवत असते. काळ्या रंगावर ती ढोबळ पडताळणीपुरती चालेल.

तपासणी: हीटर सुरू करण्याआधी, दांडा रात्रभर खोलीत पडलेला असताना, सगळी थर्मोकपल आणि हवेचं तापमान मोजणारं थर्मोकपल एकच आकडा दाखवतात का? नसतील तर फरक लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून तो वजा करा. साध्या दर्जाच्या के टाइप थर्मोकपलमध्ये दोन अंशांची तफावत निर्मात्याच्या हमीतच बसते, पण आपल्यासाठी ती फार झाली.

## टप्पा ४: मांडणी

दांडा आडवा ठेवा. उभा ठेवला तर खालच्या गरम भागावरून उठलेली हवा वरच्या भागाला शेकत जाते आणि h लांबीनुसार बदलतो.

भट्टी आणि दांडा यांच्यामध्ये सिरॅमिक वूलचा जाड पडदा हवा, दांडा त्याच्या भोकातून बाहेर आलेला. पडदा नसेल तर भट्टीच्या तोंडाची धग पहिल्या सेन्सरवर थेट पडते.

दांड्याला आधार लागतोच. तो लोखंडी क्लॅम्पचा नको. मोकळ्या टोकाजवळ बारीक तारेचा झोका किंवा लाकडाची धारदार पाचर पुरते. दोन सेन्सरच्या मध्ये काहीही टेकवू नका.

पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. हे सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि वीस मिनिटांनी कोणीतरी उकडतं म्हणून पंखा लावतो. १२ मिमीच्या दांड्यावरून पंख्याची झुळूक गेली तर h सहज दुप्पट होतो. दांड्याभोवती पुठ्ठ्याचा, वरून उघडा आडोसा केला तर बरं, पण तो एक-दीड फूट तरी दूर असावा.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर दांड्याच्या उंचीवर, बाजूला, भट्टीपासून दूर टांगा. दांड्याच्या वर कधीच नाही.

## टप्पा ५: स्थिर होऊ द्या

हीटरला थर्मोस्टॅट असेल तर तो सतत चालू-बंद होतो आणि पहिला सेन्सर त्याच्या तालावर वर-खाली होत राहतो. त्यापेक्षा डिमरस्टॅटवर एक व्होल्टेज ठरवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. मध्येच ‘थोडं वाढवू या’ म्हणून डिमरस्टॅट फिरवला की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू.

किती थांबायचं, याचाही अंदाज काढता येतो:

```
τ = ρ·c·D/(4h) = 8500 × 380 × 0.012 / (4 × 15) ≈ 650 सेकंद
```

इथे ρ म्हणजे पितळेची घनता आणि c म्हणजे विशिष्ट उष्णता. τ येतो सुमारे ११ मिनिटं. भट्टी स्वतः स्थिर झाल्यानंतर याच्या पाच-सहापट, म्हणजे तासभर थांबा. भट्टीला लागणारा वेळ त्याच्याआधीचा, वेगळा.

तपासणी: १० मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांत दुसऱ्या, थंड सेन्सरचा फरक ०.२ अंशापेक्षा कमी आहे का? नजर थंड सेन्सरवरच ठेवा. गरम सेन्सर लवकर थांबल्यासारखा वाटतो, तेव्हा थंड बिंदू अजून चढतच असतो. त्या घाईत घेतलेला θ2 कमी येतो, m जास्त आणि k कमी.

## टप्पा ६: वाचन घ्या आणि m काढा

तिन्ही बिंदू आणि हवा, चारही तापमानं एका मिनिटाच्या आत टिपा. आपल्या उदाहरणातले आकडे असे धरू: पहिला बिंदू ९१.० अंश, दुसरा ५०.४ अंश, मधला ६५.० अंश, हवा ३०.० अंश.

```
θ1 = 91.0 - 30.0 = 61.0
θ2 = 50.4 - 30.0 = 20.4
ln(61.0/20.4) = 1.095
m  = 1.095/0.160 = 6.85 प्रति मीटर
m² = 46.9
```

तपासणी १, मधला बिंदू. उतार खरोखर घातांकी असेल तर मधलं जादा तापमान दोन टोकांचा भूमितीय मध्य असतं: ६१.० आणि २०.४ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ३५.३, म्हणजे ६५.३ अंश. आपल्याला ६५.० मिळालं. अर्ध्या अंशाच्या आसपास कमी येणं अपेक्षितच आहे, कारण गरम भागात h थोडा जास्त असतो. पण ते ६७ किंवा ६३ आलं असतं तर पुढे जायचं नाही. कुठला तरी सेन्सर ढिला आहे, वाऱ्याची झुळूक आहे किंवा दांडा अजून स्थिर झालेला नाही.

तपासणी २, लांबी. आता खरा m हातात आहे. 6.85 × 0.69 = 4.7. म्हणजे २.३ च्या बराच वर. टोकाचा विचार सोडून द्या.

तपासणी ३, हवा. हवेचं तापमान १ अंशाने जास्त मोजलं गेलं तर k सुमारे ६ टक्के कमी येतो. चूक दोन्ही θ मध्ये सारखीच असली तरी २०.४ ला तिचा धक्का ६१ पेक्षा तिप्पट बसतो. हवेच्या सेन्सरकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

## टप्पा ७: h आणा

स्थिर हवेत h चे दोन भाग असतात, अभिसरण आणि प्रारण. दोन्ही काढून बेरीज करायची.

आधी कोणत्या तापमानाला h काढायचा ते ठरवा. दोन बिंदूंमधलं सरासरी जादा तापमान साध्या सरासरीने नाही, लॉग सरासरीने येतं: (61.0 − 20.4)/1.095 = 37 अंश. म्हणजे पृष्ठभाग सरासरी ६७ अंशांवर.

आडव्या दांड्यावरच्या नैसर्गिक अभिसरणासाठी चर्चिल-चू यांचं समीकरण हवेपुरतं असं सोपं होतं:

```
Nu = (0.60 + 0.321·Ra^(1/6))²
Ra = g·β·θ·D³/(ν·α) ≈ 4300
Nu ≈ 3.6
h_abhisaran = 3.6 × 0.0278/0.012 ≈ 8.3
```

Nu म्हणजे नुसेल्ट संख्या, Ra म्हणजे रॅले संख्या, g म्हणजे गुरुत्वत्वरण, β हवेचा प्रसरणांक, ν हवेची गतिक श्यानता, α हवेची उष्णता विसरणक्षमता, आणि 0.0278 ही हवेची वाहकता. हवेचे गुणधर्म पृष्ठभाग आणि हवा यांच्या मधल्या तापमानाला, म्हणजे ४८ अंशांच्या आसपास घेतले आहेत. प्रारणासाठी तापमानं केल्विनमध्ये:

```
h_praran = 0.95 × 5.67e-8 × (340² + 303²) × (340 + 303) ≈ 7.2
h = 8.3 + 7.2 = 15.5
```

प्रारणाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. ‘तापमान कमी आहे, प्रारण सोडून देऊ’ हा विचार जाड नळ्यांवर जोराचा वारा असताना ठीक आहे, इथे नाही.

सावध: अशा समीकरणांकडून १० ते १५ टक्क्यांपेक्षा चांगल्या अचूकतेची अपेक्षा ठेवू नका. ती अनिश्चितता जशीच्या तशी k मध्ये उतरते, आणि थर्मोकपल कितीही चांगलं घेतलं तरी ती कमी होत नाही.

## टप्पा ८: k काढा आणि उत्तराला प्रश्न विचारा

```
k = 4h/(D·m²) = 4 × 15.5/(0.012 × 46.9) ≈ 110
```

पितळेसाठी हे बसतं. स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर B1 व B2 मध्ये दोन तापमानं, B3 मध्ये हवा, B4 मध्ये मीटरमधलं अंतर, B5 मध्ये मीटरमधला व्यास आणि B6 मध्ये h ठेवा. पहिलं सूत्र B7 मध्ये, दुसरं B8 मध्ये:

```
=LN((B1-B3)/(B2-B3))/B4
=4*B6/(B5*B7^2)
```

आता याच वाचनांवर नेहमीच्या चुका करून बघू, म्हणजे उत्तरावरून चूक ओळखता येईल.

हवेचं तापमान वजा न करता सरळ ९१ आणि ५०.४ यांचं गुणोत्तर घेतलं तर k येतो सुमारे ३८०. हुबेहूब तांबं. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती पकडली जात नाही कारण ३८० हा आकडा कोष्टकात सापडतो.

व्यासाच्या जागी त्रिज्या घातली तर २२०. ॲल्युमिनियमच्या शेजारी.

प्रारण सोडलं, h फक्त ८.३ धरला, तर ५९. साध्या पोलादाच्या जवळ.

नैसर्गिक लॉगऐवजी दहाच्या पायाचा लॉग दाबला तर ५८० च्या पुढे, आणि m चा वर्ग करायचा राहिला तर ७५०. हे दोन निदान हास्यास्पद तरी आहेत. चांदी सुद्धा ४३० च्या आसपास थांबते, त्यामुळे त्याच्या वरचा कोणताही आकडा साध्या धातूच्या दांड्यातून आला तर कॅल्क्युलेटर आधी तपासा.

## टप्पा ९: h टाळायचा असेल तर दुसरा दांडा

माझ्या मते ज्याला k गंभीरपणे हवा आहे त्याने टप्पा ७ फक्त पडताळणीसाठी ठेवावा आणि हा टप्पा करावाच. ज्याचा k खात्रीने माहीत आहे असा दुसरा दांडा घ्या: तोच व्यास, त्याच डब्यातला काळा रंग, तीच जागा, तेच सेन्सर. दोन्ही दांड्यांवर h सारखा असेल तर तो समीकरणातून उडून जातो:

```
k_navin = k_mahit × (m_mahit/m_navin)²
```

समजा १२ मिमीचा शुद्ध तांब्याचा दांडा आहे, k ३९०. त्याचा m सुमारे ३.६ येणार, म्हणून सेन्सरमधलं अंतर ३०० मिमी आणि दुसऱ्या सेन्सरपुढे ६४० मिमी लागतील, १.२ मीटरचा दांडा घ्या. पितळेची मांडणी तशीच उचलून तांब्याला लावणं ही इथली ठरलेली चूक आहे. मोजलेला m ३.६३ आला तर

```
k_pital = 390 × (3.63/6.85)² ≈ 110
```

शिवाय तांब्याच्या दांड्यावरून h उलटा काढता येतो: 390 × 0.012 × 3.63²/4 = 15.4. समीकरणातून आलेल्या १५.५ शी तो जुळला म्हणजे मांडणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. २० आला तर खोलीत कुठेतरी वारा आहे.

सावध: h तापमानाबरोबर बदलतो, म्हणून दोन्ही दांड्यांवर पहिला बिंदू जवळपास सारख्याच जादा तापमानावर आणा, इथे ६० अंशांच्या आसपास, आणि गुणोत्तरही तिपटीच्या जवळ ठेवा. डिमरस्टॅटचं व्होल्टेज सारखं ठेवून उपयोग नाही. तांब्याला त्यासाठी वेगळं व्होल्टेज लागेल. संदर्भ म्हणून भंगारातून आणलेलं ‘तांबं’ घेऊ नका. तांब्यात फॉस्फरसचा अंश जरी असला तरी वाहकता चांगलीच घसरते आणि तुमचा ३९० मुळातच खोटा ठरतो.

## दांडा आखूडच असेल तर

कधी हातात असेल तेवढ्याच दांड्यावर भागवावं लागतं आणि टप्पा ६ मधली लांबीची तपासणी नापास होते. तेव्हा अनंत फिनचा हट्ट सोडा. L च्या जागी L + D/4 घ्या, म्हणजे टोकावरून जाणारी उष्णता हिशोबात येते, आणि हे समीकरण सोडवा:

```
θ1/θ2 = cosh(m·(L - x1)) / cosh(m·(L - x2))
```

अनंत फिनवरून आलेला m सुरुवातीला घाला. खरा m त्याच्यापेक्षा नेहमी थोडा जास्तच असतो, म्हणून तो एक-एक टक्क्याने वाढवत न्या आणि उजवी बाजू मोजलेल्या गुणोत्तराला कधी गाठते ते बघा. स्प्रेडशीटमधल्या गोल सीकने हे काही सेकंदांत होतं. वरच्या २५ मिमी तांब्याच्या दांड्यात अनंत फिन m २.१८ सांगते आणि हे समीकरण २.४ वर नेऊन सोडतं. तिथला २० टक्क्यांचा फरक याच एका ओळीने निघून जातो. दुसऱ्या सेन्सरपुढे m × (L − x2) ०.५ पेक्षाही कमी उरत असेल, तर मात्र टोकाकडे तापमान इतकं सपाट होतं की आकडेमोडीने काही सावरत नाही. बारीक दांडा घ्या.